२८ लाखांचा फ्लॅट आणि ५० लाखांचा भागाकार

*पाथर्डी फाट्याजवळ माझा टू-बीएचके आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये २८ लाखांना घेतला, मुद्रांक-नोंदणी धरून ३० लाख पडले. कर्ज फिटलंय. भाडं महिना १५ हजार. मेंटेनन्सचे १८०० मीच भरतो, शिवाय भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी दरमहा ५०० जादा घेते. घरपट्टी वर्षाला ६४००. पाच वर्षांत तीन भाडेकरू झाले, मधे मिळून पाच महिने फ्लॅट रिकामा होता. रंग, गीझर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग यात ९० हजार गेले. एजंट म्हणतो, आज ५० लाख सहज येतील. मेव्हणा म्हणतो, तुला साडेसहा टक्के सुटतात, एफडीइतकेच, वर कुंभमेळ्यात दुप्पट भाडं मिळेल, विकू नको. मुलगा पुण्यात स्थायिक झालाय, तो म्हणतो विका. मी अंबडच्या कंपनीतून निवृत्त झालोय. खरा परतावा किती, आणि काय करू? सोबत सोसायटीच्या बिलाचा फोटो जोडतो.*
*— एक वाचक, नाशिक रोड*

नमस्कार.

पत्रात हिशेबाला लागणारं जवळजवळ सगळं दिलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. अशी पत्रं येतात तेव्हा बहुतेकांना स्वतःचा फ्लॅट किती महिने रिकामा होता तेच आठवत नसतं.

मेव्हण्यांचा भागाकार चुकलेला नाही. वर्षाचं भाडं १ लाख ८० हजार, त्याला २८ लाखांनी भागलं की ६.४ टक्के येतात. घोळ त्यांनी निवडलेल्या दोन आकड्यांत आहे. वरचा आकडा तुमच्या हातात कधी पडतच नाही आणि खालचा आकडा अकरा वर्षांपूर्वीचा आहे. आधी वरचा दुरुस्त करू.

भाडं बारा महिन्यांचं धरायचं नाही. पाच वर्षांत पाच महिने फ्लॅट रिकामा, म्हणजे वर्षाला सरासरी एक महिना. तुमच्या भागात हे स्वाभाविक आहे. पाथर्डी फाट्यावर भाडेकरू बरेचसे अंबडच्या कारखान्यांतले. बदली झाली, नोकरी बदलली की महिनाभराच्या नोटिशीवर जातात. पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत रंग लावायचा, नळ बघायचे, चार जणांना फ्लॅट दाखवायचा, त्यात महिना-दोन महिने निघून जातात. काही जण सरळ पाच टक्के रिकामेपणा धरतात. स्वतःचा पाच वर्षांचा इतिहास हाताशी असताना तो आकडा उसना कशाला घ्यायचा? तुमचा आठ टक्क्यांच्या वर आहे. तेव्हा १५ हजार वजा, राहिले १ लाख ६५ हजार.

भाडेकरू बदलला की दलालीही जाते. पत्रात तिचा उल्लेख नाही, पण एजंटमार्फत भाडेकरू आणलेत तर एक महिन्याचं भाडं गेलंच असणार. तिघांचे मिळून ४५ हजार, म्हणजे वर्षाला ९ हजार. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं थोडं मिळवायचं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. यातला तुमचा निम्मा वाटा वर्षाला साधारण हजार धरते. एकूण १० हजार.

मेंटेनन्सचे वर्षाला २१,६०० होतात. फ्लॅट रिकामा असला तरी हे थांबत नाहीत, आणि भाड्यातून ते वजा करायचं बहुतेक घरमालक विसरतात. ‘पुढच्या करारात मेंटेनन्स भाडेकरूवर टाकतो’ असं मनात येईल. टाका, पण त्याच इमारतीत ‘मेंटेनन्स वेगळा’ असलेले फ्लॅट किती भाड्याने जातात ते आधी विचारा. बहुतेकदा ते तेवढ्यानेच स्वस्त असतात. भाडेकरू महिन्याला एकूण किती जाणार तेच बघतो.

आता ते ५०० रुपये. बिलाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. १८०० मध्ये सेवा शुल्क १४००, पाणी २५० आणि दुरुस्ती व सिंकिंग फंड मिळून १५० आहेत. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते त्याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हे १० टक्के पूर्ण बिलावर मोजायचे नसतात, घरपट्टी तर त्यात धरायचीच नाही. तुमच्या बाबतीत महिन्याला फार तर १४० रुपये होतात. बाकीचे ३६० जास्तीचे, वर्षाला ४३२०. सेक्रेटरींना या आदेशाचा हवाला देऊन लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. वॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर वाद घालू नका. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा. हा आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती ‘सोसायटी’ म्हणवतात, पण प्रत्यक्षात डीड ऑफ अपार्टमेंटने बांधलेल्या, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तुमच्या कागदपत्रांत शेअर सर्टिफिकेट आहे की डीड ऑफ अपार्टमेंट, ते बघा. डीड असेल तर तिथे हा १० टक्क्यांचा नियम पुढे करता येणार नाही, असोसिएशनची उपविधी काढून वाचावी लागेल. हिशेबात सध्या तुम्ही खरोखर भरता ते ६ हजारच धरते.

घरपट्टी ६४००. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये याच्या कितीतरी पट बिल येतं हे ऐकून घाबरू नका. महापालिकेने २०१८ साली नव्या मिळकतींसाठी करयोग्य मूल्याचे दर मोठे वाढवले, त्यावरून शहरात रणही माजलं होतं. तुमची इमारत त्याआधीची आहे. तुमच्याऐवजी नवा फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या वाचकाने मात्र जुन्या इमारतीच्या घरपट्टीवरून हिशेब करू नये. त्याच नव्या इमारतीतल्या एखाद्याचं बिल बघावं.

दुरुस्तीचे ९० हजार पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला १८ हजार. इथे लोक मनाशी म्हणतात, वॉटरप्रूफिंग काय दरवर्षी करायचं असतं का? नसतं. दुसऱ्या वर्षी गॅलरीची फरशी निघते, तिसऱ्या वर्षी पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. खर्चाचं नाव दरवर्षी बदलतं, बेरीज फारशी बदलत नाही.

तर १० हजार, २१,६००, ६ हजार, ६४०० आणि १८ हजार मिळून ६२ हजार. १ लाख ६५ हजारांतून ते गेले की उरतात १ लाख ३ हजार. हे तुमचं खरं वर्षाचं उत्पन्न. हातात येणाऱ्या भाड्याच्या दर शंभर रुपयांतले साधारण ३८ फ्लॅटच खाऊन टाकतो. यात कर्जाचा हप्ता आणि आयकर मुद्दाम धरलेले नाहीत, कारण फ्लॅट किती कमावतो आणि मालकाची परिस्थिती काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्च जाऊन उरलेल्या वर्षाच्या उत्पन्नाला फ्लॅटच्या किमतीने भागून जो टक्का येतो, ज्याला बाजारात कॅप रेट म्हणतात, तो फ्लॅटचा असतो, मालकाचा नव्हे.

आता खालचा आकडा. तुम्ही २०१४ साली काय दिलंत याला आज काही अर्थ उरलेला नाही. तो पैसा खर्च झाला. आज तुम्ही दुसऱ्या कुणाला न विकता हा फ्लॅट स्वतःकडे ठेवता, म्हणजे रोज सकाळी तो आजच्या भावाने पुन्हा विकतच घेता. म्हणून भागायचं ५० लाखांनी. १ लाख ३ हजार भागिले ५० लाख: २.०६ टक्के. मेव्हण्यांचे साडेसहा टक्के पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत इथवर आले. आजच्या किमतीवर ढोबळ भाडं पाहिलं तर ३.६ टक्के, खर्च आणि रिकामे महिने काढले की दोन टक्क्यांच्या आसपास.

पण ५० लाख हे एजंटचं तोंडी वाक्य आहे. विकायला लावायचं असेल तेव्हा भाव वर सांगतात, ग्राहक आला की तोच भाव खाली उतरतो. खरा आकडा तुम्ही घरबसल्या काढू शकता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सोय आहे. गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर घातला की त्या जागेवर नोंदलेल्या व्यवहारांची सूची-२ दिसते: कोणता फ्लॅट, कोणत्या तारखेला, किती मोबदल्याला. तुमच्याच इमारतीतले गेल्या दीड वर्षातले तीन-चार व्यवहार काढा. रेडी रेकनरच्या दराला बाजारभाव समजू नका. तो मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी आहे. आणि एक चकवा लक्षात ठेवा. समजा खरा भाव ४५ लाख निघाला, तर कॅप रेट २.०६ वरून २.२९ होईल. फ्लॅट स्वस्त झाला म्हणून टक्का वाढला, तुम्ही श्रीमंत झाला नाहीत. ‘या भागात यील्ड जास्त’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की भाडं जास्त आहे की भाव पडलाय, हे आधी विचारावं.

तुमच्या बिलात अजून एक गोष्ट मला खटकली. दुरुस्ती आणि सिंकिंग फंड मिळून महिन्याला फक्त १५०. आदर्श उपविधीनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. जमिनीची किंमत सोडून तुमच्या फ्लॅटच्या वाट्याचा बांधकाम खर्च १२ लाख धरला, तर वर्षाला १२ हजार होतात. तुम्ही भरता १८००. दर महिन्याला कमी भरल्याचा आनंद आहे, पण लिफ्ट बदलायची किंवा गच्चीचं काम निघालं की सगळ्यांना एकरकमी वर्गणी काढावी लागेल. अकरा वर्षांच्या इमारतीला तो दिवस फार लांब नसतो. हे कमी पडणारे १०,२०० आजच धरले, तर तुमचा आकडा १.८६ टक्क्यांवर येतो.

दुसऱ्या बाजूनेही बघू. सगळं मनासारखं झालं तर? बिनभोगवटा शुल्क नियमात आलं, रिकामे महिने निम्मे झाले, भाडेकरू टिकल्याने दलालीही निम्म्याने वाचली, तर १ लाख ३ हजारांत सुमारे १७ हजारांची भर पडते. कॅप रेट २.४. म्हणजे कितीही नीट सांभाळलात तरी हा फ्लॅट भाड्याच्या बळावर उभा राहत नाही.

यात एक मात्र मी स्वतः ठेच खाऊन शिकले. इंदिरानगरला माझा एक छोटा फ्लॅट होता, भाडं १२ हजार. शेजारी १३ मिळतात असं ऐकून मी भाडेकरूकडे हजार वाढवून मागितले. कुटुंब सालस होतं, वेळेवर पैसे देत होतं. त्यांनी नम्रपणे दुसरीकडे घर बघितलं. दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला, म्हणजे २४ हजार गेले. वाढीव हजाराने ते भरून यायला पूर्ण दोन वर्षं लागली असती, रंग आणि दलाली वेगळीच. तेव्हापासून चांगला भाडेकरू असला तर मी वर्षाला पाच टक्क्यांच्या पुढे जात नाही.

कुंभमेळ्याबद्दल दोनच वाक्यं. २०२७ च्या स्नानांच्या काळात काही आठवडे भाव चढतीलही, पण त्यासाठी चालू भाडेकरूला काढावं लागेल, दिवसाच्या भाड्याने लोक ठेवायला सोसायटी राजी असावी लागेल, आणि नंतर पुन्हा रिकाम्या महिन्यांची साखळी सुरू होईल. बारा वर्षांतून एकदा येणारं उत्पन्न दरवर्षीच्या भाड्यात मिसळायचं नाही.

कॅप रेटची एफडीशी सरळ तुलना करू नका. एफडीचं मुद्दल वाढत नाही, फ्लॅटचं वाढू शकतं. तुमचे ३० लाख अकरा वर्षांत ५० लाख झाले असतील, तर ती वाढ वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसते. ती आणि भाड्याचे दोन मिळून सात टक्क्यांच्या थोडं आत. वाईट नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: पुढेही भाव तेवढेच वाढतील असं तुम्हाला वाटतं का? एफडीला साडेसहा टक्के मिळत असतील, तर बरोबरी साधायला फ्लॅटची किंमत दरवर्षी साडेचार टक्क्यांनी वाढायला हवी. पाथर्डी फाट्याच्या पुढे नव्या इमारतींची रांग लागलेली तुम्हालाच दिसत असेल. नवा फ्लॅट मिळत असताना ग्राहक अकरा वर्षांच्या जुन्याला किती देईल, हे तुमच्या सूची-२ मधले जुने-नवे व्यवहार शेजारी ठेवून कळेल.

आयकराची एक गंमत सांगते. कायदा तुमच्या खऱ्या खर्चाकडे बघत नाही. मिळालेल्या १ लाख ६५ हजारांतून भरलेली घरपट्टी वजा करतो, आणि उरलेल्यातले ३० टक्के सरसकट सोडून देतो. तुमच्या बाबतीत करपात्र रक्कम १ लाख ११ हजार होते, म्हणजे हाती उरतात त्यापेक्षा जास्त रकमेवर कर. मेंटेनन्स, दलाली, दुरुस्ती हे सगळं त्या ३० टक्क्यांत संपलं असं मानतात. घरपट्टीची पावती मात्र जपा. ती भरल्याच्याच वर्षी वजा होते, थकवलेली नाही.

विकल्यावर लागणाऱ्या कराची धास्ती असेल तर ती कमी करते. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निवड आहे: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के, जे कमी ते. २०१४-१५ चा निर्देशांक २४० आणि २०२५-२६ चा ३७६. तुमचे ३० लाख निर्देशांकाने ४७ लाख होतात. विक्रीच्या ५० लाखांतून लाखभर दलाली गेली तर नफा २ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ४० हजार. पहिल्या मार्गाने गेलात तर १९ लाखांवर १२.५ टक्के, सुमारे २ लाख ३७ हजार. फरक बघा. २०१४ च्या खरेदीखताची आणि मुद्रांक शुल्काची मूळ कागदपत्रं त्यासाठीच लागतील. २०२५-२६ नंतरच्या आर्थिक वर्षात विकलात तर त्या वर्षीचा निर्देशांक घ्यायचा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: मुलगा परत येणार नसेल आणि त्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं स्वतः राहायला जाणार नसाल, तर मी विकेन. निवृत्तीनंतर दोन टक्क्यांसाठी गीझरच्या तक्रारी ऐकत बसण्यात अर्थ नाही, आणि जवळजवळ ४८ लाखांची एफडी किंवा ज्येष्ठ नागरिक योजना यांतून दरमहा जे येईल ते तुमच्या आजच्या ८ हजार ५०० पेक्षा बरंच जास्त असेल. पण ती रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांचीच मर्यादा आहे. नाशिकमध्येच पुढे लागेल अशी जागा म्हणून फ्लॅटकडे बघत असाल, तर ठेवा, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

विकायचं ठरलं तर सध्याच्या भाडेकरूच्या कराराची शेवटची तारीख आधी बघा. स्वतः राहायला जाणाऱ्या ग्राहकाला रिकामा फ्लॅट लागतो, आणि गुंतवणूकदार ग्राहकाला चालू भाडेकरू असलेला आवडतो. पाथर्डी फाट्यावर पहिल्या प्रकारचे ग्राहक जास्त. करार संपायच्या दोन महिने आधी ई-सर्चचे आकडे हातात घेऊन दोन एजंटांना बोलवा, आणि किमतीचा आकडा त्यांच्याआधी तुम्ही सांगा.